रँक-नलिटी वापरून पॉलिनॉमियलच्या मॅपचा कर्नल आणि इमेज कशी काढायची: एकच गणित, पण नीट

लिनियर अल्जेब्रात पॉलिनॉमियलवाला मॅप आला की एक चूक हमखास होते. T(1), T(x), T(x^2), T(x^3) काढायचं, त्यातलं एकही शून्य आलं नाही की लगेच ठोकून द्यायचं, "कर्नल शून्य, मॅप वन-वन". मीही हे केलंय, परीक्षेत केलंय, आणि त्याच पेपरात त्याहून मोठा घोळही घातलाय, तो पुढे सांगतोच. म्हणून मुद्दाम असा मॅप घेतोय जिथे बेसिसमधलं एकही पॉलिनॉमियल शून्यावर जात नाही, तरी कर्नल शून्य नाही.

मॅप हा:

T : P_3 → P_3, T(p) = (x+1)p' − 2p

P_3 म्हणजे डिग्री ३ किंवा त्याहून कमी असलेली सगळी पॉलिनॉमियल्स, कोएफिशियंट रिअल. इथे पहिला खड्डा लगेच येतो: P_3 चं डायमेन्शन ३ नाही, ४ आहे, कारण बेसिस 1, x, x^2, x^3 असा चार जणांचा आहे, तो बिचारा 1 मोजायचा राहून जातो. ही एक चूक झाली की पुढचं सगळं एकाने चुकतं, आणि वाईट म्हणजे उत्तर दिसायला बरोबर दिसतं. काही पुस्तकांत P_n हे "डिग्री n पेक्षा कमी" अशा अर्थाने असतं, तिथे डायमेन्शन n येतं, तेव्हा गणित सुरू करायच्या आधी व्याख्या वाचायची आणि बेसिस कागदावर लिहूनच मोजायचा, नुसतं नावावरून नाही.

मॅप लिनियर आहे का हे एका ओळीत बघून घ्या. डेरिव्हेटिव्ह लिनियर, (x+1) ने गुणणं लिनियर, २ ने गुणणं लिनियर, त्यांची वजाबाकीही लिनियर. मॅप P_3 च्या बाहेर तर जात नाही ना, हेही बघायचं: p' ची डिग्री जास्तीत जास्त २, त्याला (x+1) ने गुणलं की ३, म्हणजे आतच राहतो. p' च्या जागी नुसता p असता तर x^3 चा x^4 झाला असता आणि कोडोमेन P_4 घ्यावं लागलं असतं.

रँक-नलिटी काय म्हणतं ते एवढंच: डोमेनचं डायमेन्शन = इमेजचं डायमेन्शन (रँक) + कर्नलचं डायमेन्शन (नलिटी). डोमेनचं, कोडोमेनचं नाही. आपल्या मॅपमध्ये दोन्ही ४ आहेत म्हणून फरक कळत नाही, पण शेवटी एक वेगळा मॅप घेऊ तिथे कळेल. तर आपल्याला रँक किंवा नलिटी यातलं कुठलंही एक मिळालं की दुसरं वजाबाकीने फुकट.

आता बेसिसवर मॅप चालवू:

T(1) = (x+1)·0 − 2 = −2
T(x) = (x+1) − 2x = 1 − x
T(x^2) = (x+1)·2x − 2x^2 = 2x
T(x^3) = (x+1)·3x^2 − 2x^3 = x^3 + 3x^2

बघा, एकही शून्य नाही. पण पहिल्या तिघांकडे जरा निरखून बघा: −2, 1 − x, 2x. तिघंही डिग्री १ च्या आत आहेत, आणि 1, x यांच्या स्पॅनमध्ये डायमेन्शन फक्त २ असतं. दोघांच्या घरात तिघं कोंबले तर एकजण बाकीच्यांवर अवलंबून असणारच. म्हणजे या तिघांचं काहीतरी कॉम्बिनेशन शून्य होतं, आणि तेच कॉम्बिनेशन मूळ 1, x, x^2 चं घेतलं की ते कर्नलमध्ये पडतं. कर्नल शून्य आहे का हे ठरवायला "कोण शून्यावर गेलं" हा प्रश्नच चुकीचा आहे, प्रश्न "T(1), T(x), T(x^2), T(x^3) एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का" असा विचारायचा.

हे डोळ्याने दिसलं ते ठीक, पण दर वेळी दिसेलच असं नाही, म्हणून मॅट्रिक्स मांडू. प्रत्येक आउटपुटचे कोएफिशियंट एका कॉलममध्ये, वरून खाली 1, x, x^2, x^3 या क्रमाने. आउटपुट कॉलममध्ये लिहायचं, रोमध्ये नाही. रोमध्ये लिहिलं तर ट्रान्सपोज होतो, ट्रान्सपोजची रँक तीच असल्याने डायमेन्शन बरोबर येतात आणि चूक झालीय हे कळतही नाही, पण कर्नलचा व्हेक्टर भलताच निघतो.

```
-2   1   0   0
 0  -1   2   0
 0   0   0   3
 0   0   0   1
```

चौथा कॉलम तपासा: x^3 + 3x^2, म्हणजे x^2 च्या रोमध्ये ३ आणि x^3 च्या रोमध्ये १. बरोबर. आता रो रिडक्शनला काही कामच नाही, तिसऱ्या रोची एक तृतीयांश चौथीतून वजा केली की चौथी रो शून्य:

```
-2   1   0   0
 0  -1   2   0
 0   0   0   3
 0   0   0   0
```

पिव्हट कॉलम पहिला, दुसरा आणि चौथा. तीन पिव्हट, म्हणून रँक ३. डोमेन ४ चं, म्हणून नलिटी ४ − ३ = १. प्रश्न फक्त डायमेन्शनचा असेल तर काम इथेच झालं.

आणि खरं सांगायचं तर थिअरम का खरा आहे तेही याच मॅट्रिक्समध्ये दिसतंय. कॉलम एकूण चार, कारण बेसिस चौघांचा. प्रत्येक कॉलममध्ये एक तर पिव्हट आहे नाहीतर तो फ्री आहे, तिसरा पर्याय नाही. पिव्हट मोजले की रँक, फ्री मोजले की नलिटी (प्रत्येक फ्री व्हेरिएबल कर्नलला एक दिशा देतं), बेरीज कॉलमच्या संख्येइतकी येणार नाही तर जाणार कुठे. कॉलम डोमेनच्या बेसिसमधून आलेत, म्हणून बेरीज डोमेनची.

आता कर्नल प्रत्यक्ष काढू, कारण नलिटी १ आली एवढ्यावर विश्वास ठेवून बसण्यापेक्षा तो एक पॉलिनॉमियल हातात आला की चेक करता येतं. p = a + bx + cx^2 + dx^3 घ्या. रिड्यूस केलेल्या मॅट्रिक्सवरून तिसरी रो म्हणते d = 0, दुसरी म्हणते b = 2c, पहिली म्हणते 2a = b म्हणजे a = c. c फ्री. c = 1 घेतलं की

p = 1 + 2x + x^2 = (x+1)^2

परत मॅपमध्ये टाकून बघा: (x+1)·2(x+1) − 2(x+1)^2 = 0. झालं. हा शेवटचा चेक अर्ध्या मिनिटाचा आहे, तो सोडू नका, रो-कॉलम उलटे झाले असतील तर इथेच पकडले जातात. उदाहरणार्थ ट्रान्सपोज करून बसलात तर कर्नलचा व्हेक्टर (0, 0, 1, −3) येतो, म्हणजे x^2 − 3x^3, आणि त्याला T लावला तर 2x − 9x^2 − 3x^3 मिळतं, शून्य काही येत नाही, लगेच कळतं की कुठेतरी माती खाल्ली.

आता इमेज. आणि आता माझा तो घोळ. रँक ३ आहे, म्हणून इमेजच्या बेसिसमध्ये तीन पॉलिनॉमियल्स हवीत, पिव्हट कॉलम १, २, ४. मी काय केलं, तर रिड्यूस झालेल्या मॅट्रिक्सचे कॉलम उचलले: पहिला −2, दुसरा 1 − x, आणि चौथा (0, 0, 3, 0) म्हणजे 3x^2. डायमेन्शन ३ बरोबर, लिहिलेलं छान दिसतंय, आणि उत्तर चूक, कारण 3x^2 इमेजमध्ये नाहीच! रो ऑपरेशनने कॉलममधली नाती तशीच राहतात पण खुद्द कॉलम बदलतात, म्हणून पिव्हट कुठे आहेत एवढंच रिड्यूस केलेल्या मॅट्रिक्समधून बघायचं आणि कॉलम मूळ मॅट्रिक्सचे घ्यायचे. बरोबर बेसिस हा:

−2, 1 − x, x^3 + 3x^2

आणि हे परत पॉलिनॉमियल म्हणून लिहायचं, (0, 0, 3, 1) असं सोडून द्यायचं नाही, कारण इमेज P_3 मध्ये राहते, चार आकड्यांच्या व्हेक्टरमध्ये नाही. मार्क यावरही जातात.

एखादं पॉलिनॉमियल इमेजमध्ये आहे की नाही हे झटकन कसं ओळखायचं? −2 आणि 1 − x मिळून कॉन्स्टंट आणि x हवे तसे बनवता येतात. x^2 आणि x^3 मात्र फक्त x^3 + 3x^2 च्या पटीतूनच येतात, म्हणजे x^2 चा कोएफिशियंट नेहमी x^3 च्या कोएफिशियंटच्या तिप्पट असणार. α + βx + γx^2 + δx^3 इमेजमध्ये आहे म्हणजे γ = 3δ, बस. 7 + 5x + 3x^2 + x^3 आत, x^2 बाहेर (१ आणि ०), 3x^2 पण बाहेर. चार डायमेन्शनच्या जागेत एक अट घातली की तीन उरतात, म्हणजे रँक ३ हे दुसऱ्या वाटेनेही आलं, आणि ती मॅट्रिक्स न वापरता पडताळून पाहायची सोय झाली. ही अट जरा वेगळ्या रूपात लिहिली तर अजून छान दिसते: q''(−1) = 0. करून बघा, q'' = 2γ + 6δx, त्यात −1 टाकला की 2γ − 6δ.

हा −1 कुठून उपटला असं वाटेल, तर तो मॅपमधल्या (x+1) मधून आलाय, आणि यातूनच कळतं की आपण बेसिस जरा अवघड घेतला होता. 1, x, x^2, x^3 ऐवजी 1, (x+1), (x+1)^2, (x+1)^3 घ्या. (x+1)^m वर T चालवला तर m(x+1)^m − 2(x+1)^m, म्हणजे (m − 2)(x+1)^m. प्रत्येकजण स्वतःच्याच पटीवर जातो:

1 → −2
(x+1) → −(x+1)
(x+1)^2 → 0
(x+1)^3 → (x+1)^3

मॅट्रिक्स डायगोनल, −2, −1, 0, 1. एक शून्य, म्हणून नलिटी १, तीन बिनशून्य, म्हणून रँक ३, रिडक्शन करायची गरजच नाही. इथे मात्र बेसिसमधलं एकजण खरंच शून्यावर गेलं, मॅप तोच, बेसिस वेगळा. म्हणूनच सुरुवातीची ती "कोण शून्यावर गेलं" वाली युक्ती भरवशाची नाही, ती बेसिस कुठला घेतलाय त्यावर अवलंबून आहे, रँक आणि नलिटी मात्र कुठलाही बेसिस घ्या, तेवढीच येणार. परीक्षेत असा बेसिस दर वेळी सुचत नाही, ते ठीक आहे, पण मॅपमध्ये (x − a) ने गुणलेला p' दिसला तर (x − a) च्या पॉवर्स एकदा टाकून बघायला काय जातं.

यावरून २ च्या जागी k ठेवला तर काय होईल तेही लगेच सांगता येतं, आणि परीक्षक असले प्रश्न आवडीने विचारतात. डायगोनलवर −k, 1 − k, 2 − k, 3 − k येणार. k हा 0, 1, 2, 3 पैकी एक असेल तर नलिटी १, रँक ३. बाकी कुठलाही k घ्या, नलिटी ०, रँक ४, मॅप ऑन्टो पण झाला. k = 4 ला लोक फसतात, समीकरण सोडवून (x+1)^4 काढतात आणि कर्नल म्हणून लिहितात. पण (x+1)^4 ची डिग्री ४, ते P_3 मध्ये नाहीच, आणि कर्नल डोमेनच्या आतच शोधायचा असतो. P_4 वर तोच मॅप घेतला असता तर बरोबर होतं.

आता तो डोमेन-कोडोमेन वेगळे असलेला मॅप, कारण इथे थिअरम खऱ्या अर्थाने राबवून घेता येतो:

S : P_4 → P_2, S(p) = p'' + p(0)·x^2

डोमेन ५ चं, कोडोमेन ३ चं. काहीही न करता एवढं नक्की की रँक ३ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून नलिटी किमान २. मॅप वन-वन असायची शक्यताच संपली. बेसिसवर चालवू: S(1) = x^2, S(x) = 0, S(x^2) = 2, S(x^3) = 6x, S(x^4) = 12x^2. आउटपुटमध्ये 2, 6x आणि x^2 आहेत, म्हणजे पूर्ण P_2 भरला, रँक ३, नलिटी ५ − ३ = २.

कर्नलमध्ये x समोरच दिसतोय, S(x) = 0. बरेच जण इथे थांबतात, "कर्नल म्हणजे x चा स्पॅन". पण हिशोब २ सांगतोय, म्हणजे अजून एकजण लपलाय आणि तो शोधल्याशिवाय उठायचं नाही. कुठे शोधायचा? आउटपुट सारखे कुणाचे आहेत बघा: S(1) = x^2 आणि S(x^4) = 12x^2, म्हणजे x^4 − 12 ला S लावला की 12x^2 − 12x^2 = 0. सापडला. कर्नलचा बेसिस x आणि x^4 − 12. मला रँक-नलिटीचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो, उत्तर काढण्यापेक्षा आपण अर्धवट थांबलोय हे कळायला.

याच गणितात कोणी कोडोमेनचे ३ घेऊन ३ − ३ = ० अशी नलिटी काढली तर S(x) = 0 हे समोर असताना कर्नल शून्य म्हणायची वेळ येते, आणि विसंगती इतकी उघड असूनही पेपरात ती दिसत नाही, घाईत कोणाला काय दिसतं.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एक, डिग्रीची मर्यादा काढून सगळीच पॉलिनॉमियल्स घेतली तर जागा इन्फिनिट डायमेन्शनची होते आणि वजाबाकीचा खेळ संपतो. तिथे डेरिव्हेटिव्ह ऑन्टो आहे (कुठल्याही पॉलिनॉमियलचा इंटिग्रल पॉलिनॉमियलच असतो) आणि तरी कॉन्स्टंट्स कर्नलमध्ये आहेत, उलट x ने गुणणं वन-वन आहे आणि तरी ऑन्टो नाही, कारण 1 कधीच मिळत नाही. P_3 → P_3 सारख्या मॅपमध्ये "वन-वन म्हणजेच ऑन्टो" म्हणता येतं, इथे नाही.

दोन, कोएफिशियंट कुठले आहेत ते बघा. आपलाच पहिला मॅप T रिअलऐवजी मोड २ वर घ्या, जिथे फक्त 0 आणि 1 आहेत आणि 2 म्हणजे शून्य. चारही आउटपुट परत लिहा: T(1) = −2 होतं, ते झालं 0. T(x) = 1 − x, ते झालं 1 + x. T(x^2) = 2x, तेही 0. T(x^3) = x^3 + 3x^2, ते झालं x^3 + x^2. रँक २, नलिटी २, कर्नलमध्ये 1 आणि x^2. आपलं जुनं (x+1)^2 गेलं कुठे? तिथेच आहे, मोड २ मध्ये मधला 2x उडाल्यावर ते x^2 + 1 होतं, म्हणजे या दोघांची बेरीज. सूत्र तेच, मॅप तोच, बेरीज पुन्हा ४, फक्त वाटणी ३ + १ ची २ + २ झाली.